चटणीच्या डब्यामागचा आवाज: जुन्या कॅप्शनांचे नमुने देऊन नवी कॅप्शने लिहून घेण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावच्या वडगाव भागात एक काकू गेली सात वर्षे घरातून चटणी, पापड, सांडगे आणि मेतकूट विकतात. येथे चटणी हा शब्द पुण्यामुंबईच्या अर्थाने घ्यायचा नाही. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, कांदा, लसूण, सुके खोबरे आणि मसाले कांडपावर कुटून उन्हाळ्यात वर्षभराची जी लाल पूड भरून ठेवतात, तिला या भागात चटणी म्हणतात. संकेश्वरी तिखटासाठी, ब्याडगी रंगासाठी. दोन्हींचे प्रमाण प्रत्येक घराचे वेगळे असते आणि काकूंचे प्रमाण त्यांनी मलाही सांगितलेले नाही. या लेखात त्यांची ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत, आणि कॅप्शनांचा मजकूर त्यांच्या परवानगीने दिला आहे.

त्यांचे निम्मे गिऱ्हाईक बेळगाव, खानापूर आणि निपाणीचे आहे. उरलेले निम्मे म्हणजे नोकरीसाठी पुणे, मुंबई आणि बेंगळुरूला गेलेली याच भागातली घरे. या दुसऱ्या निम्म्यासाठी काकूंच्या पुतण्याने चार वर्षांपूर्वी इन्स्टाग्रामचे खाते काढून दिले. फोटो पुतण्या काढत असे, पण फोटोखालचा मजकूर काकू स्वतः फोनवर टाइप करीत, आणि तोच व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरही लावीत. गिऱ्हाइके फोटोपेक्षा त्या मजकुराविषयी अधिक बोलतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. मात्र आपण काही वेगळे लिहितो, असे त्यांना वाटत नव्हते.

मी मूळची रत्नागिरीकडची. लग्नानंतर टिळकवाडीत राहते आणि लहान व्यवसायांसाठी जाहिरातीचा मजकूर लिहिते. फेब्रुवारीत मिरचीचा हंगाम सुरू झाला, काकूंचे डोळे दुखू लागले आणि पुतण्याची बदली झाली. तेव्हा, ‘आठवड्याला तीन-चार कॅप्शने लिहून द्या, त्यांतली मी निवडीन,’ असे काम त्यांनी माझ्याकडे दिले.

अडचण

पहिल्या आठवड्यात मी सहा पर्याय लिहून नेले. त्याआधी काकूंना विचारले होते की मजकूर कसा हवा. त्या म्हणाल्या, घरगुती हवा, साधा हवा, आपुलकीचा हवा. ही तीन विशेषणे मी वहीत उतरवली आणि त्यांवरून लिहिले. त्यांतला एक पर्याय असा होता:

“घरच्या चवीची ऊब आता तुमच्या ताटात! निवडक मिरची, ताजा लसूण आणि मायेचा हात यांतून साकारलेला आमचा अस्सल बेळगावी मसाला. आजच मागवा!”

काकूंनी सहाही पर्याय शांतपणे वाचले, कागद घडी करून परत दिला आणि म्हणाल्या, “चांगलं लिवलाय की तुम्ही ताई. पण हे मी नव्हं.” काय खटकले, असे विचारल्यावर त्यांना नेमके सांगता येईना. त्यांनी एवढेच दाखवले, की ‘मसाला’ म्हटले की लोक गरम मसाला समजतात, आणि आपल्या चटणीला आपण कधी ‘अस्सल’ म्हटलेले नाही.

पहिला धडा येथेच होता, पण तो मला उशिरा कळला. ‘घरगुती, साधा, आपुलकीचा’ ही विशेषणे ऐकणाऱ्याच्या कानात त्याच्या स्वतःच्या सवयीनुसार भरतात. माझ्यासारख्या जाहिरात लिहिणाऱ्या बाईला ‘आपुलकी’ म्हटले की ऊब, माया आणि उद्गारचिन्ह सुचते. काकूंची आपुलकी कशी असते, हे त्या विशेषणात कुठेच नव्हते. ते त्यांच्या जुन्या कॅप्शनांत होते आणि मी ती नीट वाचलीच नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

आम्ही दोघी बसलो तेव्हा चार वाटा समोर होत्या.

एक वाट म्हणजे लेखनाचे नियम लिहून काढणे: अमुक शब्द वापरायचे, तमुक नाहीत. पण नियम काढायचे कशावरून, हा प्रश्न उरत होता, कारण काकूंना आपली सवय सांगता येत नव्हती. समोर आलेल्या वाक्याला हो किंवा नाही एवढेच म्हणता येत होते.

दुसरी वाट म्हणजे काकूंनी व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायचे आणि मी ते उतरवून काढायचे. हे आम्ही दोनदा करून पाहिले. बोलताना काकू एका पापडावरून तीन घरांच्या भांडणापर्यंत पोहोचतात. ऐकायला ते सुरेख असते, पण त्यांचे लिहिणे तसे नाही. फोनवर एका बोटाने टाइप करायचे असल्यामुळे त्यांच्या लिखाणात जी काटकसर आली होती, ती बोलण्यात नव्हती. बोलणाऱ्या काकू आणि लिहिणाऱ्या काकू या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, आणि गिऱ्हाइकांना लिहिणाऱ्या काकू ठाऊक होत्या.

तिसरी वाट म्हणजे चार वर्षांची सगळी कॅप्शने, सुमारे दोनशे, मी वाचून काढायची. ती मी वाचली, पण नमुना म्हणून सगळी समोर ठेवणे निरुपयोगी होते. त्यांत पुतण्याने लिहिलेली होती, सणाच्या दिवशी कुठून तरी उचललेल्या शुभेच्छा होत्या, आणि पहिल्या वर्षी काकू स्वतःच बिचकत लिहीत होत्या तेव्हाचीही होती. सगळ्यांची सरासरी काढली असती तर कोणाचाच आवाज हाती लागला नसता.

म्हणून चौथी वाट घेतली: थोडी, निवडलेली जुनी कॅप्शने नमुना म्हणून बाजूला काढायची आणि नवे पर्याय त्यांच्याशी ताडून लिहायचे. निर्णय योग्य होता, पण निवड पहिल्यांदा चुकली.

पहिली निवड आणि ती कुठे फसली

कोणते नमुने घ्यावेत, याचे मला सोपे उत्तर सुचले: ज्यांना सर्वाधिक लाइक मिळाले ती सात. काकूंनाही ते पटले. या सातांवरून मी दहा पर्याय लिहिले. काकूंनी दोन घेतले, तेही शब्द बदलून.

मागे वळून पाहिल्यावर तीन चुका दिसतात. पहिली ही की लाइक मजकुराला मिळालेलेच नव्हते. सातांपैकी पाच कॅप्शने दिवाळीच्या आठवड्यातली होती, आणि त्या आठवड्यात बाहेरगावची माणसे गावाच्या आठवणीने कशालाही लाइक देतात. एका फोटोत काकूंची नात होती. मजकूर चांगला म्हणून लाइक आले, की फोटो आणि दिवस चांगला म्हणून, हे आकड्यावरून कळत नाही.

दुसरी चूक अशी की ही सातही कॅप्शने एकाच कामाची होती: सणाला माल आहे, घ्या. आणि योगायोगाने त्यांतली चार प्रश्नाने सुरू होत होती, “दिवाळीला चकली करणार की विकत घेणार?” अशा धर्तीवर. परिणामी माझ्या दहा पर्यायांपैकी आठ प्रश्नाने सुरू झाले. काकू सणाला लोकांना विचारतात, एरवी सांगतात. पण माझ्यासमोर एरवीचे काही नव्हतेच, त्यामुळे सणाची लकब मी त्यांची कायमची लकब समजले. नमुने सगळे एकाच प्रसंगाचे असले की लिहिणारा प्रसंगाची नक्कल करतो आणि माणूस निसटतो.

तिसरी चूक पैशात भरावी लागली. एका दिवाळीच्या कॅप्शनात शेवटी “बेळगावात घरपोच फुकट” असे होते. ती सवलत त्या आठवड्यापुरती होती. मला ते वाक्य काकूंच्या समारोपाची पद्धत वाटले आणि मी ते एका नव्या पर्यायात तसेच घातले. काकूंचे लक्ष चटणीच्या वाक्यांवर होते. शेवटची ओळ त्यांच्या ओळखीची असल्यामुळे डोळ्यांखालून गेली. कॅप्शन लागले, तीन दिवसांत चौदा मागण्या आल्या आणि प्रत्येकीला पोहोचवण्याचे पन्नास रुपये काकूंनी स्वतः सोसले. सातशे रुपये मी त्यांना देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. ही गोष्ट मला आजही टोचते.

या चुकीतून एक भेद स्पष्ट झाला. नमुन्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात: सांगण्याची रीत आणि सांगितलेली माहिती. रीत उचलायची असते, माहिती उचलायची नसते. पण नमुना वाचताना दोन्ही सारख्याच ठळक दिसतात. किंबहुना माहिती अधिक ठळक दिसते, कारण ती उचलायला सोपी असते.

दुसरी निवड

मार्चच्या सुरुवातीला आम्ही पुन्हा बसलो आणि या वेळी लाइक पाहिले नाहीत. मी काकूंना विचारले, ‘तुम्हाला कॅप्शन कधी-कधी लिहावे लागते?’ त्यावर कामांची यादी निघाली: माल आला, माल उशिरा होणार, भाव वाढला, पार्सलची बातमी आली, सण आला. प्रत्येक कामाचे एक, अशी पाच कॅप्शने काकूंनी स्वतः निवडली, आणि ती शेवटच्या दोन वर्षांतलीच घ्यायची असे ठरवले. त्यांतली चार येथे देते. शुद्धलेखन मुद्दाम बदललेले नाही.

माल आला:
“संकेश्वरी आली. ब्याडगी सोमवारी येती. दोन्ही घरात आल्याबिगर मी कांडपाला जात नाही. वर्षाची चटणी आठ दिवस उशिरा मिळाली म्हणून कुणाचं जेवण अडत नाही.”

उशीर:
“ऊन नाही, पाऊस नाही, नुसतं ढग. पापड वाळलं नाहीत. ओला पापड डब्यात भरत नाही. गुरुवारी बघूया की.”

भाववाढ:
“यंदा मिरची महाग घेतलो. म्हणून चटणी किलोला चाळीस रुपय वाढली. ब्याडगी कमी घालून जुन्या भावात देता आलं असतं. तसं केलो नाही.”

पार्सलची बातमी:
“मुंबईला डबा पोचला. उघडल्यावर सगळी शिंकली म्हणून फोन आला. मी विचारलो, किती शिंका? पाच म्हणाले. बरोबर हाय.”

शेवटच्या नमुन्यात मूळ कॅप्शनात गिऱ्हाइकाचे नाव होते. नमुन्यांचा कागद माझ्याकडे राहणार आणि उद्या कदाचित दुसऱ्या लिहिणाऱ्याकडे जाणार, म्हणून नाव काढून टाकले.

प्रत्येक नमुन्याखाली आम्ही दोन ओळी लिहिल्या: यातले काय घ्यायचे आणि काय योगायोगाचे आहे. भाववाढीच्या नमुन्याखाली काकूंनी सांगितलेली टीप अशी आहे: “कारण आधी, आकडा मागनं. माफी मागायची नाही. चाळीस हा आकडा त्या वर्षाचा.” पार्सलच्या नमुन्याखाली: “गंमत शेवटच्या शब्दात. हसण्याचं चित्र लावायचं नाही.” अशा टिपा आधी विचारल्या असत्या तर काकूंना सांगता आल्या नसत्या. स्वतःचेच वाक्य समोर ठेवून, ‘हे असे का लिहिले?’ एवढे विचारले की त्या सहज सांगत होत्या.

पाच नमुने शेजारी-शेजारी ठेवल्यावर जे दोनशेंच्या ढिगाऱ्यात दिसले नव्हते ते दिसू लागले. पहिले वाक्य नेहमी बातमी असते आणि ते छोटे असते. इन्स्टाग्राम लांब कॅप्शनाच्या पहिल्या एक-दोन ओळीच दाखवते आणि उरलेले बोट लावल्यावर उघडते. काकूंना हे कोणी शिकवले नव्हते, पण “संकेश्वरी आली” एवढ्यात त्यांचे काम झालेले असते. दुसरे, विशेषणे जवळजवळ नाहीत. जी आहेत ती ‘ओला’, ‘महाग’ अशी, म्हणजे वस्तूची स्थिती सांगणारी. कौतुकाचे एकही नाही. तिसरे, त्या मालाचे गुण सांगत नाहीत, आपण काय करीत नाही ते सांगतात: कांडपाला जात नाही, भरत नाही, तसे केले नाही. त्यांच्या मालावरचा विश्वास या नकारांतून येतो. आणि ‘आजच मागवा’ हे वाक्य कुठेच नाही.

चालू माहितीसाठी एक निराळा कागद केला: आजचा भाव, डब्यांची मापे, पोहोचवण्याचा खर्च, कोणता माल संपला. ठरले असे की आकडा, तारीख किंवा सवलत फक्त या दुसऱ्या कागदावरून घ्यायची, नमुन्यांतून कधीही नाही. याशिवाय माझा पहिल्या आठवड्यातला ‘घरच्या चवीची ऊब’ हा पर्याय नमुन्यांच्या कागदाच्या तळाशी चिकटवला आणि वर लिहिले, ‘असे नको’. काय हवे ते पाच नमुने सांगत होते. घसरण नेमकी कुठल्या बाजूला होते ते हा एक सांगत होता.

बोलीचा प्रश्न

यानंतरच्या पहिल्या चार पर्यायांत मी दुसऱ्या टोकाला गेले. नमुन्यांत ‘घेतलो’, ‘केलो’, ‘विचारलो’ अशी रूपे होती. या भागातल्या बायका स्वतःविषयी बोलताना ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे सहज म्हणतात, आणि ‘मी केले’च्या जागी ‘मी केलो’ येते. रत्नागिरीच्या कानाला ती चूक वाटते, आणि माझ्या आधीच्या पर्यायांत मी ती नकळत ‘सुधारली’ही होती. आता ती जपायची ठरवल्यावर मी प्रत्येक वाक्यात ‘लई’, ‘व्हय’, ‘नव्हं’, ‘हाय’ पेरले. काकूंनी वाचले आणि हसून म्हणाल्या, “मी एवढं गावठी लिवतो काय ओ?”

मी पुन्हा पाच नमुन्यांकडे गेले आणि पेन्सिलने बोलीची रूपे मोजली. काकू लिहिताना बऱ्याच जागी प्रमाण रूपेच वापरतात. बोली येते ती मुख्यतः स्वतःच्या कृतीच्या क्रियापदात आणि शेवटी, ‘बघूया की’ किंवा ‘बरोबर हाय’ अशी, तीही एका कॅप्शनात एखाद-दुसऱ्या ठिकाणी. ‘लई’ पाचांत एकदाही नव्हते. बोलताना त्या ते वापरतात, म्हणून ते माझ्या कानात होते, लिहिताना नाही. नक्कल करणाऱ्याला जे वेगळे वाटते तेच तो अधिक उचलतो, आणि मूळ माणसाला त्यात स्वतःचे सोंग दिसते. तेव्हापासून मी पर्याय लिहून झाला की बोलीच्या रूपांखाली रेघा ओढते, आणि दोनपेक्षा जास्त रेघा आल्या की एक पुसते.

गावाच्या नावाचाही निर्णय याच बैठकीत झाला. शहराचे अधिकृत नाव २०१४ पासून बेळगावी आहे, आणि पार्सलच्या पत्त्यावर काकू तेच लिहितात. कॅप्शनात मात्र त्यांनी चार वर्षे बेळगाव लिहिले आहे. यात काही भूमिका आहे का, असे मी विचारले, कारण येथे या प्रश्नाला अनेक पदर आहेत. काकू म्हणाल्या की पत्ता सरकारचा, बोलणे घरचे. नमुन्यात बेळगाव आहे तर पर्यायांतही बेळगाव, एवढेच आम्ही ठरवले.

काही कॅप्शनांखाली त्या कानडी गिऱ्हाइकांसाठी एक ओळ कानडीत लिहितात. मला कानडी कामापुरती समजते, लिहिता येत नाही. ज्या भाषेत मला सूर ओळखता येत नाही तिच्यात नमुने पाहून लिहिणे म्हणजे अंधारात बोट ठेवणे होते. ती ओळ मी मोकळी सोडते आणि काकू स्वतः भरतात.

चाचणी

नवे पर्याय काकूंसारखे वाटतात की नाही, हे काकूंनी ठरवणे पुरेसे नव्हते. नमुने त्यांनीच निवडले होते, आणि मला वाईट वाटू नये अशीही त्यांची इच्छा असे. म्हणून मी एका कागदावर सहा कॅप्शने लिहिली: तीन काकूंची जुनी, नमुन्यांत न घेतलेली, आणि तीन माझी नवी. भाव आणि तारखा काढून टाकल्या. काकूंच्या जाऊबाईंना सांगितले की यांतली तीन काकूंची आहेत, ती ओळखा.

सहांपैकी चार कॅप्शने कोणाची, हे त्यांनी बरोबर ओळखले. माझे एक कॅप्शन काकूंचे ठरले आणि काकूंचे एक माझे ठरले. डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी सरासरी तीन बरोबर आली असती, आणि एका व्यक्तीच्या सहा उत्तरांवरून फारसे काही ठरवता येत नाही. पण ज्या दोनांत मी पकडली गेले त्यांची कारणे उपयोगी होती. एकात मी भाव आधी सांगून कारण मागून दिले होते. टीप समोर असूनही हात जुन्या सवयीने गेला. दुसऱ्यात वाक्य होते, “तुमच्यासाठी खास सांडगे केलो.” जाऊबाई म्हणाल्या, “ती कुणासाठी खास काय करत नाही. सगळ्यांना एकच.”

परिणाम

मार्च ते एप्रिल या सहा आठवड्यांत नव्या पद्धतीने मी बारा पर्याय दिले. त्यांतले नऊ लागले: चार जसेच्या तसे, पाच एखादा शब्द बदलून. पहिल्या फेरीत सहांतून शून्य आणि दुसरीत दहांतून दोन, हे पाहता फरक उघड आहे. काकूंना एका पर्यायावर द्यावा लागणारा वेळही घटला, आणि त्यांच्या डोळ्यांच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे होते. विक्री वाढली असे मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात चटणीची विक्री दर वर्षी वाढते, आणि कॅप्शनाचा वाटा त्यातून वेगळा काढण्याचा मार्ग आमच्याकडे नव्हता.

एक प्रसंग मात्र या पद्धतीच्या बाहेर राहिला. एप्रिलअखेर वळवाचा पाऊस झाला आणि पापडांच्या एका खेपेला ओल लागली. ते सात घरांत गेले होते. मी नमुने समोर ठेवून कॅप्शन लिहिले आणि सवयीप्रमाणे शेवट गमतीचा केला. काकूंनी ते वाचून बाजूला ठेवले. पाचांपैकी एकही नमुना चूक कबूल करण्याचा नव्हता. उशिराच्या नमुन्यात दोष ढगांचा होता, काकूंचा नव्हता. जे काम नमुन्यांत नाही तिथे त्यांचा सूर कामाला येतोच असे नाही. त्या रात्री काकूंनी डोळ्यांत औषध घालून स्वतः टाइप केले:

“सात डब्यांत ओले पापड गेले. वाळवायला मी घाई केलो. सातही घरांना फोन केलो आहे. दुसरे डबे शनिवारी जातील.”

यात गंमत नाही, सबब नाही, ‘की’ही नाही. आणि काय करीत नाही हे सांगणाऱ्या बाईने या वेळी फक्त काय केले एवढे सांगितले. हे मी कितीही नमुने वाचून काढू शकले नसते. ते आता सहावा नमुना म्हणून कागदावर आहे.

पुन्हा करायचे झाल्यास

पहिल्या भेटीत मी विशेषणे विचारणार नाही. फोन मागून घेईन आणि पाच वेगवेगळ्या कामांची पाच कॅप्शने मालकांकडून निवडून घेईन. लाइक पाहणार नाही. अवघड प्रसंगाचा नमुना, म्हणजे चूक, नुकसान किंवा एखाद्या घरातले दुःख यांचा, आहे का हे त्याच दिवशी विचारीन. नसेल तर असा प्रसंग आल्यावर पर्याय देणार नाही, हेही आधीच सांगेन. घरपोच फुकटची चूक टाळण्यासाठी नमुन्यांतले आकडे, तारखा आणि सवलती शाईने खोडून मगच तो कागद जवळ ठेवीन. आम्ही टीप लिहिली होती, पण टीप विसरता येते; खोडलेला आकडा उचलता येत नाही.

एका गोष्टीविषयी माझे मत अजून पक्के झालेले नाही. माझी लागलेली कॅप्शने आता काकूंच्या खात्यावर आहेत. पुढच्या हंगामात नमुने बदलायचे ठरले आणि त्यांतले एखादे माझेच निवडले गेले, तर मी माझीच नक्कल करू लागेन, आणि प्रत्येक फेरीला काकू थोड्या-थोड्या दूर जातील. सध्या उपाय म्हणून माझ्या प्रत्येक कॅप्शनाची तारीख मी माहितीच्या कागदामागे लिहून ठेवते, आणि महिन्यातून एक कॅप्शन, डोळे बरे असतील त्या दिवशी, काकू स्वतः लिहितात. मे महिन्याचे त्यांनी परवा लिहिले. ते मेतकुटाविषयी आहे, दोनच वाक्यांचे आहे, आणि त्यात ‘लई’ आहे. मी माझ्या रेघांचा नियम काढून त्यांना दाखवला, तर म्हणाल्या, “तो तुमच्यासाठी ताई. मला कशाला?”